चार कॉर्डचं गाणं: लूप तोच ठेवायचा की कॉर्ड बदलायच्या?

ए मायनर, एफ, सी, जी असा लूप जमलाय, पण गाणं पुढे सरकत नाही. वाटा दोन आहेत.

पहिलीत लूप तसाच राहतो, फरक चाल आणि वाद्यं करतात. व्हर्समध्ये गिटारच्या तारा तळहाताने हलकेच दाबून, आवाज दबका ठेवून वाजवा, ओळ पहिल्या मात्रेनंतर खालच्या सुरांत सुरू करा. प्री-कोरसमध्ये वरच्या कॉर्ड बदलत असताना बेस मात्र जी वरच धरून ठेवा. ताण तयार होतो. कोरसची ओळ नेमकी पहिल्या मात्रेवर, वरच्या सुरांत, लांब स्वरांनी. मेहनत कमी, पण सगळी वाद्यं व्हर्समध्येच वाजवली तर कोरससाठी काही उरत नाही. साथीशिवाय चाल गुणगुणून पाहा. कोरस कुठे लागला हे कळत नसेल, तर दोष चालीत आहे.

दुसरीत कॉर्ड वाटून घ्यायच्या. व्हर्सला फक्त ए मायनर आणि एफ, दोन-दोन बार. प्री-कोरसला डी मायनर, एफ आणि मग दोन बार जी. कोरसला सी, जी, ए मायनर, एफ. सी आतापर्यंत ऐकूच आलेला नसतो, म्हणून जी वरून तिथे पोचताना घरी आल्यासारखं वाटतं. प्री-कोरसमध्ये चुकूनही सी वाजवू नका, सगळी मजा तिथेच संपते. इथे चाल मात्र बरीचशी नव्याने बांधावी लागते.

बीटवर चालणाऱ्या, नाचाच्या गाण्याला पहिली वाट बरी. एकटी गिटार घेऊन गाणार असाल तर दुसरीच घ्या, कारण वाद्यं वाढवायला तिथे जागाच नसते.