मेंदीची कढई की ब्लीचचा बाऊल: कशात काय कालवायचं?

आजी मेंदी मुद्दाम लोखंडी कढईत भिजवायची आणि पार्लरवाली ब्लीचला साधा स्टीलचा चमचाही लागू देत नाही, मग बरोबर कोण? दोघीही. कारण मेंदीला धातू लागला की रंग बदलतो, ब्लीचला लागला की ब्लीच वाया जातं आणि वर केसांची वाट लागते. त्यामुळे भांडं निवडताना आज काय लावताय एवढंच बघू नका, पुढच्या वर्षभरात केसांवर काय करणार आहात तेही बघा.

आधी मेंदी. पानात लॉसोन नावाचं केशरी-लाल रंगद्रव्य असतं, लिंबू किंवा चहाच्या पाण्यासारख्या आंबट गोष्टीत भिजवली की ते हळूहळू सुटतं. आता हेच लोखंडी कढईत केलं, त्यात चहाचा अर्क नि आवळा पावडर असेल तर आंबटपणामुळे थोडं लोखंड विरघळतं आणि चहा-आवळ्यातल्या टॅनिनशी मिळून काळपट रंग तयार होतो (जुनी शाई अशाच रसायनातून बनायची). सकाळी वरचा थर काळा झालेला दिसतो तो यामुळेच. पांढरे केस नारिंगी न दिसता तपकिरी दिसावेत असं वाटत असेल आणि ब्लीच, हायलाइट्स, केमिकल कलर कधीच करायचा नसेल तर कढई चालेल, माझी काही हरकत नाही.

पण स्वच्छ लाल-केशरी रंग हवा असेल तर कढई नकोच. काच किंवा चिनी मातीचा बाऊल सगळ्यात बेस्ट, प्लास्टिक पण चालतं, फक्त त्याला डाग पडतो तो जात नाही. चांगल्या स्टेनलेसच्या पातेल्यात रात्रभर मेंदी राहिली तर सहसा काही बिघडत नाही, उगाच घाबरू नका. अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं मात्र आंबटाने काळवंडतं आणि तांब्या-पितळेत तर अजिबात नको, कारण तांबं लिंबात विरघळून मेंदीत आणि तिथून केसात जातं.

आता ब्लीच, इथे गोष्ट वेगळी आहे. ब्लीच पावडरमध्ये कालवतात तो डेव्हलपर म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड, 20 व्हॉल्यूम म्हणजे 6 टक्के, 30 म्हणजे 9. लोखंडाचा किंवा तांब्याचा अंश मिळाला की पेरॉक्साइड भराभर फुटायला लागतं, ऑक्सिजन केसात काम करायच्या आधीच बाऊलमध्ये उडून जातो. ओळखायचं कसं, तर मिश्रण कालवल्यावर फुगतं, बुडबुडे येतात आणि बाऊल हाताला कोमट लागतो. असं झालं तर सरळ टाकून द्या, केसांवर कुठे पिवळं कुठे तांबूस असे पट्टे येतील. आणि धातू केसातच असेल तर हीच गरमी केसाच्या आत होते, केस रबरासारखा ताणून तुटतो.

नवीन, ओरखडे नसलेल्या स्टीलच्या वाटीत पाच मिनिटात लगेच काही होणार नाही हे खरंय, पण गंज कुठे आहे ते डोळ्याला दिसत नाही, म्हणून रिस्क कशाला. प्लास्टिकचा टिंट बाऊल, प्लास्टिकच्या मुठीचा ब्रश, प्लास्टिकचा कंगवा आणि प्लास्टिकच्या क्लिपा, बस. स्टीलच्या शेपटीचा कंगवा कोरड्या केसांचे भाग पाडायला ठीक, ब्लीचमध्ये बुडवायचा नाही. लाकडी कंगवा पण नको, तो मिश्रण शोषतो आणि नीट धुतला जात नाही. चेहऱ्याच्या ब्लीचच्या डब्यात तो छोटा प्लास्टिकचा चमचा असतो ना, तो उगाच देत नाहीत.

मग हायलाइट्सला फॉइल कसं चालतं? अ‍ॅल्युमिनियम हे लोखंड-तांब्यासारखं पेरॉक्साइड फोडत नाही, शिवाय ते थोडाच वेळ असतं आणि टाकून देतात.

समजा एखादी वर्षभर कढईतली मेंदी लावतेय आणि आता भावाच्या लग्नाआधी हायलाइट्स करायचेत. तिने पार्लरमध्ये मेंदीची गोष्ट लपवू नये, उलट आधी केस टेस्ट करून मागावी. विंचरताना गळालेले केस दोऱ्याने बांधायचे, काचेच्या वाटीत 20 व्हॉल्यूमचं पेरॉक्साइड 20 मिली घेऊन 1 मिली अमोनिया घालायचा (हातमोजे, खिडकी उघडी), आणि केस अर्धा तास बुडवून ठेवायचे. वाटी गरम झाली, खूप फेस आला, घाण वास आला किंवा केस मऊ होऊन तुटले तर केसात धातू आहे, ब्लीच कॅन्सल. हाच निकाल ‘काळी मेंदी’च्या पाकिटांमुळेही येऊ शकतो, काहींमध्ये धातूचे क्षार घातलेले असतात, तिथे तुमचा बाऊल काचेचा असून उपयोग नाही. काहीच झालं नाही तरी मेंदीवर ब्लीच हट्टी नारिंगीवर अडकू शकतं, ते गृहीत धरा.

अजून एक, उरलेलं कालवलेलं ब्लीच झाकण लावून ठेवू नका, आत गॅस साठून डबा फुटू शकतो.