घरच्यांना लाइव्ह लोकेशन: काही महिन्यांच्या वापरानंतर मी ते का बंद केलं आणि आता काय पाठवते

गूगल मॅप्सचं लोकेशन शेअरिंग मी गेल्या पावसाळ्यापासून आई-बाबांसाठी चालू ठेवलं होतं, तेही ‘Until you turn this off’ वर. मी पुण्यात, ते सांगलीत. गाडी कुठवर आली हे विचारायला आईचा दर तासाला येणारा फोन थांबला, त्यामुळे सोय चांगलीच वाटत होती. मग मामाने आईच्या फोनवरच्या नकाशाचा स्क्रीनशॉट घेतला आणि भावकीच्या ग्रुपवर टाकला, ‘पोरगी सुखरूप पोचली बरं का’ म्हणून. त्यात माझा फोटो, मी राहते ती गल्ली आणि बॅटरी 11 टक्के. त्या ग्रुपमधले निम्मे लोक मला माहीतही नाहीत. मामाच्या मनात काही वाईट नव्हतं, पण मी त्याच रात्री शेअरिंग बंद केलं.

नकाशावर ठिपका दिसणार हे सगळ्यांना ठाऊक असतं. बॅटरी किती आहे आणि फोन चार्जिंगला आहे का, हेही समोरच्याला दिसतं, याकडे कुणी लक्ष देत नाही. मला सगळ्यात जास्त खटकतं ते हेच. रात्री ठिपका हलत नाही आणि फोन चार्जिंगला आहे, म्हणजे मी घरी आहे आणि झोपले आहे. हायवेवर बॅटरी 11 टक्के, म्हणजे थोड्या वेळात माझ्याशी संपर्क होणार नाही. शिवाय तुम्ही एखाद्या ठिकाणी पोचलात किंवा तिथून निघालात की समोरच्याला सूचना मिळेल, अशीही सोय आहे. काही आठवडे नुसतं पाहत राहिलं तरी माझा फ्लॅट कधी रिकामा असतो हे कळतं. आईला यातलं काहीच नको असतं. तिला एवढंच हवं असतं की मी साताऱ्याच्या पुढे गेले का.

उपाय फोनच्या सेटिंगमध्येच असेल असं आधी वाटलं. अँड्रॉइड 12 पासून प्रत्येक ॲपच्या परवानगीत ‘Use precise location’ बंद करता येतं, आयफोनवर iOS 14 पासून ‘Precise Location’ असतं. हे बटण चांगलं आहे, हवामानाच्या किंवा खरेदीच्या ॲपला मी आता अंदाजेच जागा देते. पण घरच्यांसाठी ते कामाचं नाही, माझं मत इथे बदललं. ती परवानगी ॲपला असते, माणसाला नसते. आईला नेमकी आणि मामाला अंदाजे, असं त्यात करता येत नाही. मॅप्ससाठी बंद केलं तर मलाच रस्ता नीट दिसत नाही.

शेवटी जमला तो साधा हिशेब. मॅप्समध्ये नकाशावर बोट दाबून धरलं की पिन पडते आणि तिचे अक्षांश-रेखांश मिळतात. दशांशानंतरचे दोनच आकडे ठेवून मी लिंक पाठवते. समजा मी शनिवारवाड्यापाशी आहे, 18.5195, 73.8553. पूर्णांकन करून लिंक अशी होते:

```
https://maps.google.com/?q=18.52,73.86
```

पिन वाड्यापासून साधारण अर्धा किलोमीटर पूर्वेला पडते. दोन आकडे म्हणजे जेमतेम किलोमीटरभर लांब-रुंद चौकोन, एक आकडा म्हणजे अकराएक किलोमीटरचा. शहरात दोन आणि प्रवासात एक, असं मी ठरवलंय. कराडला 17.3,74.2 पाठवलं की आई समजते, आता इस्लामपूर. बॅटरी नाही, फोटो नाही, ठिपका सरकत नाही. मामाने पुढे पाठवली तरी ती जुनी, ढोबळ जागा असते.

हाताने पिन दरवेळी थोडी इकडेतिकडे सरकवून पाठवू नका. घरून असे बरेच संदेश गेले की त्यांची सरासरी काढून खरं घर सापडतं. पूर्णांकन केलं तर घरून दरवेळी तोच आकडा जातो, जास्त काही कळत नाही.

रात्री एकटी कॅबमध्ये असेन तर मात्र नेमकंच लोकेशन हवं. तेव्हा मी व्हॉट्सॲपचं लाइव्ह लोकेशन एक तासासाठी फक्त आईला देते. तिथे 15 मिनिटं, 1 तास आणि 8 तास एवढेच पर्याय आहेत, आणि वेळ संपली की ते आपोआप बंद होतं. ग्रुपवर कधीच नाही. मॅप्सची शेअरिंगची लिंकही मी कुणाला देत नाही, कारण ती ज्याच्या हाती पडेल त्याला ठिपका दिसतो. प्रोफाइल फोटोवर दाबून ‘Location sharing’ उघडलं की सध्या कुणाला दिसतंय ती यादी मिळते. आईच्या फोनवरही मी तीच यादी तपासली, तर तिचं लोकेशन तिला माहीत नसताना चालू होतं. ते बंद करून दिलं.

या हिशेबाची एक मर्यादा आहे. पुण्यात किलोमीटरभराच्या चौकोनात हजारो घरं असतात. शिराळ्याकडे आजीच्या वस्तीवर त्याच चौकोनात दोन-तीन घरं आणि बाकी ऊस, तिथे दोन आकडे म्हणजे पत्ताच झाला. तिकडे गेले की मी एकच आकडा ठेवते, आणि शक्यतो नुसतं ‘शिराळ्यात आहे’ एवढंच लिहिते.