सात महिने वापरल्यावर: प्रतवारी चोख, पण ‘प्रोसेस लॉस’चा रकाना बंदच करा

आंब्याच्या पॅकहाऊससाठी घेतलेल्या ईआरपी सॉफ्टवेअरबद्दल पहिल्या महिन्यातलं माझं मत ‘पैसे वाया’ असं होतं. आता ते बदललंय, पण एका रकान्यावरचा राग तसाच आहे. लॉट नंबर कसा पडतो, बारकोड कसा चिकटतो हे सगळ्यांना माहीत आहे, ते सोडून देतो.

तो रकाना म्हणजे प्रतवारीच्या पडद्यावर खाली असलेला ‘प्रोसेस लॉस’. आवक वजनातून सगळ्या प्रतींची बेरीज वजा करून तो आपोआप भरतो, त्यामुळे लॉट नेहमी जुळलेला दिसतो. इथंच गोची आहे. पाण्याची घट, कापलेले देठ, काट्याची चूक, कामगाराने नोंदायचं विसरलेलं एखादं क्रेट, सगळं त्याच एका पोत्यात.

वेंगुर्ल्याकडून पेडण्याला आलेला हापूसचा एक लॉट घ्या. 60 क्रेट, एकूण वजन 1,290 किलो. सॉफ्टवेअरच्या मास्टरमध्ये, म्हणजे आधीच भरून ठेवलेल्या ठरावीक नोंदींत, रिकाम्या क्रेटचं वजन 1.5 किलो, म्हणून निव्वळ आवक 1,200. प्रतवारीनंतर ए प्रत 690, बी प्रत 250, लोकल 150, कुजका-डागी 70. बेरीज 1,160. सॉफ्टवेअरने निमूटपणे 40 किलो, म्हणजे 3.3 टक्के ‘लॉस’ लिहिला. इतकं प्रमाण पाहून माणूस आधी शीतगृहाला दोष देतो, नाहीतर कामगारांकडे संशयाने बघतो.

खरी गोष्ट क्रेटची. त्याच लॉटची रिकामी क्रेट त्याच काट्यावर ठेवली तर 108 किलो भरली, म्हणजे एकेक 1.8 किलो. जुनी क्रेट जाड असतात आणि धुवून ओली परत आली की आणखी जड होतात. निव्वळ आवक 1,182 निघाली. 40 पैकी 18 किलो आंबा कधी आलाच नव्हता, पण बागायतदाराला त्याचे पैसे गेले. उरलेले 22 किलो, म्हणजे 1.9 टक्के, ही खरी तूट. त्यात देठ, रात्रभराची घट आणि साका तपासायला कापलेली फळं. कापलेल्या फळांना स्वतंत्र नोंद हवी. साका म्हणजे आतला गर बिघडण्याचा दोष, तो बाहेरून दिसत नाही, त्यामुळे नमुना कापावाच लागतो, आणि कापलेलं फळ कुठल्याच प्रतीत बसत नाही.

उपाय सोपा आहे: मास्टरमधलं सरासरी वजन वापरू नका. लॉट रिकामा झाला की त्याचीच क्रेट त्याच काट्यावर मोजा आणि मगच निव्वळ आवक पक्की करा. दर लॉटला पाच-सात मिनिटं जातात. ‘प्रोसेस लॉस’ आपोआप भरणं सेटिंगमधून बंद होतं, पण हे कळायला सपोर्टला तीनदा फोन करावा लागला. ते बंद केलं की फरक लाल दिसतो आणि कारण निवडल्याशिवाय लॉट बंद होत नाही.

उलटा फरक आला, म्हणजे उतारा, आवकेच्या तुलनेत हाती आलेला माल, शंभर टक्क्यांच्या वर गेला, तर दोन गोष्टी बघा. एक, फळ धुतल्यावर न वाळवता तोललं का? दोन, प्रतवारीच्या पट्ट्यावर आधीच्या लॉटची फळं राहिली होती का? दुसरं जास्त वाईट, कारण आधीच्या लॉटमध्ये तूट दिसते, नंतरच्यात वाढ, आणि माग काढायची वेळ आली की लॉट नंबर खोटा ठरतो. लॉट बदलताना पट्टा रिकामा चालवायचा, बस्स.

मत बदललं ते लॉटचा खर्च प्रतींवर वाटण्याच्या पद्धतीमुळे. सुरुवातीला ती वजनावर होती. लॉट 1,20,000 रुपयांचा, विकण्याजोगा माल 1,090 किलो, म्हणून प्रत्येक किलोला 110 रुपये. म्हापशाच्या बाजारात 60 ला गेलेला लोकल माल त्यामुळे किलोमागे 50 रुपये तोट्यात दिसायचा आणि लोक म्हणायचे, लोकल विकूच नका. विक्रीमूल्यावर वाटणी केली (ए 200, बी 130, लोकल 60 दराने), तर ए प्रतीचा खर्च किलोला 134 आणि लोकलचा 40 आला. ए प्रतीचा नफा मघाशी फुगलेला होता, तो खाली बसला. मात्र दर आठवड्याला बदलतो, म्हणून वाटणीचा दर लॉट बंद होण्याच्या दिवसाचाच धरा. महिन्याच्या सरासरीने धरला तर मे अखेरचे स्वस्त लॉट मेच्या सुरुवातीच्या भावामुळे महाग दिसतात.

अहवालही दोनच उघडा: बागायतदारनिहाय ए प्रतीचा उतारा आणि कारणनिहाय तूट. पहिल्यात उतारा 1,182 वर काढला तर 58.4 टक्के, 1,200 वर 57.5. फरक छोटा वाटतो, पण पुढच्या हंगामाचा दर ठरवताना हेच आकडे बागायतदारासमोर ठेवायचे असतात.

एक तक्रार मात्र अजून मिटलेली नाही. रिकाम्या क्रेटचं वजन काट्यावरून थेट पडद्यावर यायला वेगळा मॉड्यूल लागतो, आणि त्याचे पैसे वेगळे. तोवर वहीत लिहून टाइप करतो, आणि 1.8 च्या जागी 18 पडलं की सॉफ्टवेअर मान डोलावतं.