कामाचा ताण, राग आणि बीपी : श्वास, रंकाळ्याची फेरी, वॉल सिट की मन मोकळं करणं?

आमचे दाजी गोकुळ शिरगाव एमआयडीसीत एका फाउंड्रीत सुपरवायझर आहेत, रिजेक्शन वाढलं की वरून बोलणी आणि खालून निम्मी माणसं सुट्टीवर, त्यामुळं डोकं कायम तापलेलं. दवाखान्यात बीपी १२८/८२, डॉक्टर म्हणाले ठीक आहे, पण कामावर दुपारी मोजलं तर १४८/९४. दवाखान्यात नॉर्मल आणि रोजच्या धबडग्यात जास्त, ह्याला मास्क्ड हायपरटेन्शन म्हणतात आणि कामाच्या ताणाखालच्या लोकांत हे सहज निसटून जातं. त्यांचा प्रश्न एवढाच होता की दिवसाला वीस-तीस मिनिटं मिळतात, त्यात करू काय?

आधी एक गोष्ट वेगळी काढूया. राग शांत करणं हे एक काम आणि महिनोन्‌महिने चढलेलं बीपी खाली आणणं हे दुसरं काम, दोन्हीला एकच उपाय चालेल असं नाही. २०२४ मध्ये अमेरिकेत एक प्रयोग झाला, निरोगी माणसांना आठ मिनिटं रागाची आठवण काढायला लावली तर त्यांच्या रक्तवाहिन्यांची सैल होण्याची क्षमता नंतर ४० मिनिटांपर्यंत कमी राहिली. म्हणजे दिवसात तीन-चार वेळा भडकलं की वाहिन्यांना सावरायला उसंत मिळतीय कुठं.

आता सगळ्यात लाडका उपाय, मन मोकळं करणं. सुट्टी झाली की मित्राला गाठायचं, चहा घेत साहेबाला तासभर शिव्या घालायच्या. बरं वाटतं, पण पुरावा उलटा आहे. २००२ च्या एका प्रयोगात राग आणणाऱ्या माणसाचा विचार करत पंचिंग बॅगवर ठोसे मारणारे जास्त चिडलेले निघाले आणि नुसते गप्प बसलेले त्यांच्यापेक्षा शांत. पुढं २०२४ ला १५४ अभ्यास एकत्र तपासले तेव्हाही हेच आलं, शरीराची धडधड कमी करणाऱ्या गोष्टींनी राग उतरतो, वाढवणाऱ्यांनी नाही, आणि जॉगिंगनं तर राग थोडा वाढलाच. मित्राशी बोलू नका असं मी म्हणत नाही, पण तोच प्रसंग परत परत उगाळणं आणि उद्या काय करायचं ते ठरवणं ह्यात फरक आहे.

म्हणून राग चढलाय त्या क्षणी हळू श्वास, मिनिटाला साधारण सहा. चार सेकंद आत, सहा सेकंद बाहेर, पाच-दहा मिनिटं. दाजी हे शिफ्ट संपल्यावर गाडीला किक मारायच्या आधी करतात. बीपीसाठी मात्र ह्याच्याकडून फार अपेक्षा नको, अभ्यास बरेचसे छोटे आहेत आणि त्या वेळी उतरलेलं बीपी दिवसभर तसंच राहील असं नाही. चक्कर आली तर श्वास फार खोल घेताय, तेवढा सैल सोडायचा.

बीपीसाठी खरी लढत व्यायामातच आहे. २०२३ मध्ये २७० चाचण्या एकत्र करून बघितल्या, त्यात चालणं-पळणं-सायकल ह्या प्रकारानं वरचं बीपी सरासरी साडेचारनं उतरलं आणि आयसोमेट्रिकनं, म्हणजे न हलता स्नायू ताणून धरण्यानं, आठनं. हा आकडा बीपीच्या एका गोळीच्या जवळपास जातो. पण आयसोमेट्रिकच्या चाचण्या चालण्याच्या मानानं कमी आणि बहुतेक काही आठवड्यांच्याच, आणि चालण्याचे वजन, साखर, झोप असे बाकीचे फायदे ह्यात मोजलेले नाहीत, त्यामुळं रंकाळ्याची फेरी बंद करायची नाही.

वॉल सिट हा आयसोमेट्रिकचाच एक प्रकार, तो असा : पाठ भिंतीला टेकवून खुर्चीत बसल्यासारखं खाली सरकायचं, दोन मिनिटं धरायचं, दोन मिनिटं विश्रांती, असं चार वेळा, आठवड्यात तीन दिवस. पंधरा मिनिटांच्या आत संपतं. सुरुवातीला दोन मिनिटं निघत नसतील तर थोडं वर बसायचं. श्वास कोंडायचा नाही, इथंच लोक चुकतात, कोंडला की त्या क्षणी बीपी जोरात चढतं. गुडघा दुखत असेल, हृदयाचा त्रास असेल किंवा बीपी १८०/११० च्या आसपास असेल तर आधी डॉक्टर.

माझं मत विचाराल तर वीस मिनिटंच असतील तर तीन दिवस वॉल सिट, बाकी दिवस झपाझप चालणं, आणि श्वास फक्त राग आला की. दाजींनी हेच धरलं. कामावरचं दुपारचं रीडिंग काही महिन्यांत १४० च्या आसपास आलं, पण पुढं हलेना. जेवणात खर्डा, लोणचं, पापड तसंच चालू होतं, मीठ कमी केल्यावर अजून थोडं उतरलं, तरी घरची सरासरी १३५/८५ च्या खाली येईना, मग डॉक्टरांनी एक गोळी चालू केली, आणि व्यायाम चालूच ठेवा म्हणाले.

घरी मोजताना दंडाचं मशीन घ्या. पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकून, हात छातीच्या उंचीला, मिनिटभरानं दोनदा, सकाळ-संध्याकाळ आठवडाभर, आणि एखाद-दोन रीडिंग कामाच्या दिवशी दुपारी. पहिला दिवस सोडून सरासरी काढा आणि ती वही डॉक्टरांना दाखवा, नुसतं "कामावर वाढतं" म्हणून सांगितलं तर दवाखान्यातल्या नॉर्मल रीडिंगवरच विषय संपतो.