फॉरवर्ड होणाऱ्या ईमेलात मागचा संदर्भ किती लिहावा: एकाच गळतीचे तीन ईमेल

पुण्यातल्या २४ फ्लॅटच्या एका सोसायटीची मी सेक्रेटरी आहे. माझे निम्मे ईमेल ज्याला लिहिले त्याच्यापाशी थांबत नाहीत. भाडेकरू ते मालकाला पाठवतो, मालक भावाला, भाऊ ओळखीच्या कंत्राटदाराला. त्यामुळे ईमेल लिहिताना दर वेळी ठरवावं लागतं, की मागचं किती सांगायचं. २०२५च्या एप्रिलमध्ये एकाच विषयावर माझ्यासमोर तीन मसुदे होते. ज्यांना असंच ठरवायचं आहे त्यांच्यासाठी ते तिन्ही शेजारी मांडते.

प्रकरण साधं होतं. २०२च्या बाथरूमच्या छताला ओल येत होती. वर ३०२. त्याचे मालक अमेरिकेत, फ्लॅटमध्ये भाडेकरू, आणि घराच्या खर्चाचे निर्णय मालकांचे ठाण्यातले भाऊ घेतात. १२ एप्रिलला ३०२च्या बाथरूममध्ये पाणी साठवून चाचणी केली. १३ तारखेला मी मालकांच्या आधीच्या ईमेलला उत्तर म्हणून हे लिहिलं:

> विषय: Re: Re: लीकेज
>
> नमस्कार साहेब, काल फोनवर बोलल्याप्रमाणे टेस्ट झाली. पाणी वरूनच येतंय. कोटेशन आधी पाठवलेलंच आहे. लवकर कळवा म्हणजे काम सुरू करता येईल.

मालकांना यातलं सगळं कळत होतं. आदल्या दिवशी आम्ही बोललो होतो, कोटेशन त्यांच्याकडे होतं. त्यांनी हा ईमेल ठाण्याला पाठवला आणि तिथे त्यातली एकही ओळ उभी राहीना. ‘काल’ म्हणजे कोणता दिवस? ‘वरून’ म्हणजे गच्चीवरून की ३०२मधून? कोटेशन कुठे आहे? ते मी चार दिवस आधीच्या ईमेलला जोडलं होतं. रिप्लाय केला की जुनी जोडपत्रं नव्या ईमेलात येत नाहीत, ती फक्त फॉरवर्ड करताना बरोबर जातात. माझा ईमेल रिप्लाय होता, म्हणून तो पुढे गेला तेव्हा पीडीएफ मागेच राहिली. भावांचे प्रश्न मालकांकडे, मालकांचे माझ्याकडे, माझी उत्तरं परत त्याच वाटेने, आणि मध्ये अमेरिकेची रात्र. ११ दिवस गेले.

तरीही आखूड ईमेल वाईट असं मी म्हणणार नाही. आमच्या कमिटीच्या पाच जणांना मी आजही असेच दोन ओळींचे ईमेल लिहिते, कारण ते पुढे जात नाहीत आणि गेले तरी कमिटीतच फिरतात. प्रश्न लांबीचा नव्हता. निर्णय घेणारा माणूस त्या धाग्यात कधी नव्हताच, हे मी लिहिताना धरलं नव्हतं.

दुसरा मसुदा आमच्या खजिनदारांच्या सूचनेवरून तयार झाला. ते म्हणाले, ‘जानेवारीपासूनचा सगळा धागाच पाठवा, म्हणजे कोणी काही विचारायला नको.’ जीमेलमध्ये संपूर्ण धागा एकत्र फॉरवर्ड करता येतो. १४ ईमेल होते. पाठवण्याआधी मी तो मसुदा परक्या नजरेने वाचायला बसले आणि दोन गोष्टी दिसल्या.

पहिली गोष्ट, नुसता इतिहास म्हणजे संदर्भ नव्हे. चौदा ईमेलांत चाचणीची तारीख सातव्यात, खर्चाचा आकडा नवव्यात आणि नेमकं काय हवं आहे ते कुठेच सरळ नाही. शिवाय जानेवारीत आम्हाला गळती गच्चीची वाटत होती, तेही त्यात होतं. नवख्या वाचकाला आमचा जुना चुकीचा अंदाज आणि नवा निष्कर्ष एकाच वजनाचे वाटले असते. ‘तुम्हीच तर गच्ची म्हणाला होतात’ हे उत्तर मला आत्ताच ऐकू येत होतं.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. त्या धाग्यात २०२मधल्या आजींचा फोन नंबर होता, दुसऱ्या एका सभासदाच्या थकलेल्या मेंटेनन्सचा उल्लेख होता आणि कमिटीतल्या एकाने ३०२च्या मालकांबद्दल ‘हे प्रत्येक गोष्ट टाळतात’ असं लिहिलेलं होतं. हे सगळं अनोळखी कंत्राटदाराच्या हाती गेलं असतं. अशी शेपूट नकळतही जाते. जीमेलमध्ये उत्तर लिहिताना जुना मजकूर तीन टिंबांच्या मागे लपलेला असतो. तो आपल्याला दिसत नाही, पण ईमेलाबरोबर जातो, आणि पुढच्याने फॉरवर्ड केलं की उघडा पडतो. त्या टिंबांवर क्लिक करून खालचं पुसावं लागतं, किंवा सरळ नवा ईमेल सुरू करावा. बाहेर जाण्याची शक्यता असेल तर मी आता नवाच सुरू करते.

पूर्ण इतिहास लागतोच अशीही वेळ येते. प्रकरण वकिलाकडे किंवा उपनिबंधक कार्यालयात जाणार असेल तर कोणी कधी काय कळवलं यालाच किंमत असते. पण तेव्हाही ईमेलच्या शेपटीवर विसंबू नये, कारण ती उलटी वाचावी लागते, ताजं वर आणि जुनं तळाशी. तारखेच्या क्रमाने लावलेली वेगळी पीडीएफ द्यावी आणि ईमेलात तिचं सार लिहावं.

२४ एप्रिलला मी तिसरा मसुदा लिहिला आणि तोच गेला:

> विषय: फ्लॅट ३०२, बाथरूम वॉटरप्रूफिंग: खर्चाला संमती हवी, ५ मे २०२५पर्यंत
>
> नमस्कार साहेब,
>
> ३०२च्या बाथरूमचं वॉटरप्रूफिंग करण्यासाठी आपली लेखी संमती आणि ८ मेपासून पाच दिवस बाथरूम बंद ठेवायला परवानगी हवी आहे. खर्च ३८,००० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, एकूण ४४,८४० रुपये. कोटेशन आणि चाचणीचे फोटो जोडले आहेत. हा ईमेल आपण घरच्यांना दाखवाल म्हणून आपल्याला माहीत असलेलंही थोडक्यात पुन्हा लिहिते.
>
> ३०२च्या खाली असलेल्या २०२च्या बाथरूमच्या छताला जानेवारीपासून ओल आहे. १० आणि ११ एप्रिलला ३०२चं बाथरूम वापरलं नाही, तेव्हा डाग वाढला नाही. १२ एप्रिलला नहाणी ट्रॅप बंद करून जमिनीवर दोन इंच रंगीत पाणी २४ तास ठेवलं. खाली त्याच रंगाचा ओघळ आला. त्या दिवसांत पाऊस नव्हता.
>
> आदर्श उपविधींप्रमाणे पावसाच्या पाण्याची आणि सामाईक पाइपांची गळती सोसायटीने, तर फ्लॅटमधल्या संडास-बाथरूमची गळती त्या सभासदाने स्वखर्चाने दुरुस्त करायची असते. म्हणून हा खर्च आपल्याकडे येतो.
>
> आपल्याला दुसऱ्या कंत्राटदाराकडून काम करून घ्यायचं असेल तर तसं ५ मेपर्यंत कळवावं. काम पावसाआधी व्हायला हवं.

हा पहिल्याच्या चौपटीहून लांब आहे आणि धाग्याच्या तुलनेत अगदी लहान. काय ठेवायचं हे मी असं ठरवलं: खालचा सगळा मजकूर पुसला गेला आहे असं समजायचं आणि ज्याच्याकडे हा ईमेल पोहोचण्याची शक्यता आहे अशा एकेका माणसाला तो वाचायला लावायचा. भावांना ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणायला काय लागेल? त्यांच्या कंत्राटदाराला आमचं निदान तपासायला काय लागेल? भाडेकरूला किती दिवस गैरसोय आहे? या तिघांपैकी एकाच्याही कामाला जे येत नाही ते बाहेर ठेवायचं. गच्चीचा जुना अंदाज असाच गेला, आणि २०२च्या आजींनी किती वेळा तक्रार केली तेही गेलं. त्या आकड्याने मला राग येत होता, पण निर्णयाला त्याचा उपयोग नव्हता.

उलट ‘त्या दिवसांत पाऊस नव्हता’ हे वाक्य अगदी किरकोळ दिसतं, आणि सगळा खर्च त्याच्यावर उभा आहे. पाणी पावसाचं ठरलं असतं तर पैसे सोसायटीचे. तसंच दोन दिवस बाथरूम न वापरल्याची गोष्ट. नळाच्या पाइपात वापर नसतानाही दाबाखाली पाणी असतं. तो पाइप फुटला असता तर डाग वाढतच राहिला असता. तो थांबला, म्हणून जमिनीवर संशय घेता आला. जाणकार कंत्राटदाराला या दोन ओळी पुरतात. पार्श्वभूमी कापताना अशीच वाक्यं आधी जातात, कारण लिहिणाऱ्याला ती पाठ झालेली असतात. खर्च, हक्क किंवा मुदत ज्या तपशिलामुळे एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे जाते, तो तपशील एका ओळीचा असला तरी राहायलाच हवा.

शब्दांतही फरक करावा लागला. काल, परवा, वरचं, ‘ते’ कोटेशन हे सगळं काढून तारीख, फ्लॅट क्रमांक आणि वस्तूचं नाव लिहिलं. फोटो मी ड्राइव्हच्या लिंकने न देता जोडलेच, कारण लिंक सगळ्यांना खुली केली नसेल तर परवानगी ज्याला दिली त्यालाच असते आणि पुढच्याला कुलूपच दिसतं. मागणी पहिल्या वाक्यात आणि संदर्भ त्यानंतर, हा क्रम मुद्दाम आहे. ज्याला सगळं माहीत आहे तो पहिला परिच्छेद वाचून थांबू शकतो.

या तिसऱ्या पद्धतीची किंमतही आहे. वेळ लागतो. मला पाऊण तास लागला. दुसरी किंमत माणसांची. आपल्याकडे ओळखीच्या माणसाला तारीखवार सगळं लिहून पाठवलं की त्याला ती नोटीस वाटते. कालपर्यंत फोनवर बोलणारी बाई आज कागद का करतेय, असं मनात येतंच. म्हणून ‘घरच्यांना दाखवाल म्हणून पुन्हा लिहिते’ हे वाक्य घातलं, आणि पाठवण्याआधी मालकांना फोन करून तसं सांगितलंही. एखादा ईमेल पुढे जाणार नाही याची खात्री असेल तर ही उठाठेव करू नये. खात्री नसेल तर निदान एवढं पाहावं, की पैसे, संमती किंवा मुदत यांपैकी काही त्यात आहे का. असेल तर मी तिसरा मसुदाच लिहिते.

२६ एप्रिलला ठाण्याहून थेट मला उत्तर आलं. संमती होती आणि एकच प्रश्न होता: फोडलेल्या टाइल्सच्या जागी तशाच मिळणार का, आणि त्यांचे पैसे ४४,८४० रुपयांत धरले आहेत का? कोटेशनमध्ये ते होतं, तिसऱ्या पानावर. ईमेलात मात्र मी लिहिलं नव्हतं. आता दुरुस्तीच्या प्रत्येक ईमेलात ‘खर्चात काय धरलं आहे आणि काय नाही’ ही ओळ आकड्याच्या लगेच खाली असते.