काचेला चिकटलेला फोटो 'सोडवून' देणाऱ्यापासून सावध

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात जुने फोटो नीट करून देतो म्हणणाऱ्याकडे फ्रेम सोपवणार असाल, तर आधी हे वाचा.

आमच्या खानापूरच्या घरी आजी-आजोबांचा काळा-पांढरा फोटो होता. तिथला पाऊस माहीतच आहे. ओल्या भिंतीवर टांगलेल्या फ्रेममध्ये काचेला फोटो चिकटला आणि कडेला बुरशी धरली. फ्रेमवाला म्हणाला, "काय काळजी करू नका ओ काका, केमिकलनं सोडवून नव्यासारखा करून देतो बघा." निम्मे पैसे आगाऊ घेतले.

फोटो खरंच नव्यासारखा आला, तिथंच शंका आली. जुन्या फोटोतला गडद भाग तिरका धरला की चंदेरी झाक मारायचा. इथं ती नव्हती. मागं आजोबांनी शाईनं लिहिलेली तारीख गायब, कागद प्लॅस्टिकसारखा गुळगुळीत. भिंगाखाली रंगाचे बारीक ठिपके दिसले. म्हणजे मोबाईलवर फोटो काढून, कॉम्प्युटरवर साफ करून प्रिंट मारलेली! मूळ फोटो मागितला तर "खराब झाला, टाकला" म्हणे. आवाज चढवल्यावर आतून काच आली. आजीचा चेहरा काचेलाच राहिला होता आणि कागद फाटलेला.

झालं काय, ते नंतर कळलं. अशा फोटोत चित्र असतं ते कागदावरच्या जिलेटिनच्या थरात. दमटपणानं जिलेटिन मऊ होऊन काचेला धरतं. बुरशी तेच खाते आणि खाल्लेला भाग पाण्यात विरघळू लागतो. फ्रेमवाल्यानं गरम पाण्यात भिजवून ओढला, म्हणून चित्रच निघालं. हातानं रंगवलेला असता तर रंगही वाहून गेले असते.

दुसरी फ्रेम आत्याकडे होती. तिचे मागचे खिळे काढून पुठ्ठा उचलला, फोटो काचेसकट कोरड्या, हवेशीर खोलीत ठेवला. पुठ्ठ्यावरची बुरशी वाळल्यावर अंगणात, मास्क लावून, मऊ ब्रशनं झाडली. ओलं फडकं लावायचं नाही, बुरशी पसरते. फोटोच्या बाजूला हात लावला नाही. काचेसकटच स्कॅनरवर ठेवून स्कॅन केला.

जिथं काच चिकटलीय तिथं चकाकणारे ओले दिसणारे डाग असतात. ते चेहऱ्यावर आले किंवा थर उचकटायला लागला, तर घरी काही करू नका. ते जुन्या वस्तू जपण्याचं शिक्षण घेतलेल्या संवर्धकाचं काम. वारसा जपणाऱ्या इंटॅक संस्थेचं संवर्धन केंद्र बेंगळुरूत आहे, मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचंही आहे. खरा संवर्धक फोटो न बघता "नव्यासारखा करतो" म्हणत नाही. कधीकधी काचेवरच राहू दे असंही सांगतो. आत्याच्या फोटोबद्दल तेच सांगितलं, म्हणून तो तसाच ठेवलाय आणि भिंतीवर स्कॅनची प्रिंट लावलीय. काच आणि प्रिंट यांच्यात जाड पुठ्ठ्याचं माउंट घातलंय, आणि फ्रेम बाहेरच्या ओल्या भिंतीवर नाही, आतल्या भिंतीवर आहे.

फ्रेमवाल्यानं आगाऊ पैसे अजून परत केलेले नाहीत. कुणाला काम द्यायचंच झालं, तर पावतीवर 'मूळ फोटो आणि काच परत' एवढं लिहून घ्या आणि देण्याआधी फोटोच्या मागच्या बाजूचाही फोटो काढून ठेवा.