पुस्तकाचं शैलीपत्रक : सात महिन्यांच्या वापरानंतर

गेले सात महिने मी सोलापूरच्या मिल कामगारांच्या आठवणींचं पुस्तक संपादित करत होते. ३१२ पानं, अकरा जणांनी लिहिलेला मजकूर, त्यातला निम्मा जुन्या फाँटमधून युनिकोडमध्ये आणलेला. आधीच्या पुस्तकांत माझे निर्णय वहीच्या कोपऱ्यात किंवा डोक्यात असायचे. या वेळी पहिल्या दिवसापासून शैलीपत्रक ठेवलं : शब्द कसा लिहायचा, जोडरेघ कुठे द्यायची, नावं कशी छापायची, हे सगळं एका एक्सेल फाइलमध्ये. पुस्तक छापायला गेलं तेव्हा तिच्यात १८६ ओळी होत्या.

आधी रकान्यांबद्दल सांगते. सुरुवातीला मी दोनच ठेवले होते, शब्द आणि स्वीकारलेलं रूप. महिनाभरात ते अपुरे पडले. आता पाच आहेत : स्वीकारलेलं रूप, नाकारलेली रूपं, सामान्यरूप आणि अनेकवचन, निर्णयाचं कारण, पहिल्यांदा आलेलं पान. यात मला सर्वांत उपयोगी पडला तो ‘नाकारलेली रूपं’ हा रकाना. फाइलमध्ये शोधायची असतात ती चुकीची रूपं. ती लिहून ठेवली नसतील तर शोधायचं काय, हेच आठवत नाही.

तिसरा रकाना मराठीसाठी हवाच, आणि तो मला ‘मिल’ या शब्दानं शिकवला. मुंबईवरच्या लिखाणात ‘गिरणी’ येते, पण अकरांपैकी एक लेखक सर म्हणाले, “मॅडम, आमच्या घरी गिरणी म्हणजे पिठाची. कामाला जायचं ते मिलमध्ये.” म्हणून ‘मिल’ ठरलं. पण अनेकवचन? दुसऱ्या प्रकरणात ‘मिला’, पाचव्यात ‘मिली’, नवव्यात ‘मिल्स’. ‘मिलींमध्ये’ सरांच्या कानाला खटकत होतं, म्हणून ‘मिल्स’ आणि ‘मिल्समध्ये’ घेतलं. आयात शब्दाचं लिंग आणि अनेकवचन त्याच दिवशी लिहून टाकलं नाही, तर प्रत्येक प्रकरण आपला वेगळा निकाल देतं.

माझी सर्वांत मोठी चूक ‘सोलापूर’ याच शब्दात झाली. साहित्य महामंडळाच्या १९६२च्या नियमांप्रमाणे गावाच्या नावातला ‘पूर’ दीर्घ लिहायचा. मजकुरात कित्येक ठिकाणी ‘सोलापुर’ होतं. मी ओळ नोंदवली, ‘सोलापूर, सोलापुर नको’, आणि सगळीकडे एकदम बदल करून टाकला. चार दिवसांनी वाचायला बसले तर पानोपानी ‘सोलापूरात’ आणि ‘सोलापूरी चादर’! सामान्यरूप होताना उपान्त्य ऊ ऱ्हस्व होतो, म्हणून ‘सोलापुरात’, ‘सोलापुराला’. ‘सोलापुरी’चंही तेच, शेवटचं अक्षर दीर्घ म्हणून पु ऱ्हस्व. मात्र ‘सोलापूरचा’, ‘सोलापूरहून’, ‘सोलापूरकर’ यांत दीर्घच राहतो. म्हणजे एकाच शब्दाची दोन्ही रूपं बरोबर होती आणि मी त्यातली बरोबर असलेली बिघडवून ठेवली होती.

आता त्या ओळीत नुसता शब्द नाही, शोधायची पद्धतही लिहिली आहे. टेक्स्ट एडिटरमध्ये रेग्युलर एक्स्प्रेशन सुरू करून या दोन ओळी चालवायच्या :

```
सोलापुर(?![ाी])
सोलापूर[ाी]
```

पहिली ओळ ‘सोलापुर’, ‘सोलापुरचा’ अशी चुकीची ऱ्हस्व रूपं दाखवते आणि ‘सोलापुरात’ला हात लावत नाही. दुसरी मी केलेला गोंधळ शोधते. पंढरपूर, विजापूर, तुळजापूर यांनाही हेच लागू होतं. बदल मात्र एकेक पाहूनच करावा, कारण १९३०च्या वर्तमानपत्रांतले उतारे आम्ही मुळानुसार ठेवले आहेत. त्यांतलं ‘शोलापूर’ आणि ‘नांव’, ‘कांहीं’ यांवरचे अनुस्वार तसेच राहायचे आहेत. या उताऱ्यांना आजचं लेखन लावायला नियमांची हरकत नाही. मुळानुसार छापायची सूट त्यांत चिपळूणकरपूर्व गद्याला आणि केशवसुतपूर्व पद्याला आहे. त्यामुळे हा निर्णय आमचा होता, आणि पत्रकात तो नसल्यानं मुद्रितशोधकानं एका प्रकरणातले सगळे अनुस्वार इमानेइतबारे काढून टाकले होते. त्याचा दोष नव्हता, मी ओळ लिहिली नव्हती.

दुसरा त्रास डोळ्यांना दिसतच नाही. ‘ॲप्रेंटिस’मधला पहिला ॲ संगणकावर दोन प्रकारे टाइप होतो :

```
ॲ   U+0972
अॅ   U+0905 U+0945
```

बऱ्याच फाँटमध्ये दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधताना संगणक त्यांना वेगळे मानतो. मला हे कळलं ते सूची करताना. ‘ॲप्रेंटिस’ दोनदा आलं, एकदा चार पानांसह आणि एकदा सातांसह. सूचीत सारखाच दिसणारा शब्द दोनदा आला की हाच संशय घ्यावा. पत्रकात आता पहिला प्रकार ठरलेला आहे आणि दुसरा नाकारलेल्या रकान्यात आहे. ‘ऱ्या’मधल्या अर्ध्या ऱ साठीही तशीच ओळ आहे.

जोडरेघेवर फार वेळ गेला नाही. ‘मालक-कामगार’ अशा दोन बाजूंच्या जोडीत द्यायची, ‘ताणाबाणा’, ‘हातमाग’, ‘यंत्रमाग’ यांत नाही. जुन्या जुळणीत ओळीच्या शेवटी शब्द तोडताना हातानं घातलेल्या रेघा मात्र मजकुराबरोबर आल्या होत्या, ‘काम-गार’ अशा. त्या वेगळ्या शोधून काढाव्या लागल्या. मोठ्या-लहान अक्षरांचा प्रश्न आपल्या लिपीत नाहीच, तो फक्त मागच्या इंग्रजी संदर्भसूचीत आला. तिथे एक ओळ पुरली : ग्रंथनाम मूळ मुखपृष्ठावर जसं असेल तसं.

नावांवर मी सर्वांत जास्त वेळ दिला आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. सोलापुरात तेलुगू, कन्नड, उर्दू घरांतली नावं मराठीत लिहिताना जोडाक्षर गळतं, ‘बोल्ली’चं ‘बोली’ होतं. आठवण सांगणाऱ्या प्रत्येक घरी फोन करून ‘तुम्ही मराठीत सही कशी करता’ एवढंच विचारलं आणि कारणाच्या रकान्यात ‘कुटुंबाची सही’ लिहिलं. एका आजींनी नातवाला फोन हातात देऊन अक्षरं एकेक करून सांगायला लावली.

१२ जानेवारी १९३१ला येरवड्यात फाशी गेलेल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांची नावंही छापील मजकुरात वेगवेगळी सापडतात : मल्लाप्पा आणि मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन आणि श्रीकृष्ण सारडा. जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांच्याही ओळी मी करून ठेवल्या, कारण ‘हुसैन’ आणि ‘हुसेन’ एकाच प्रकरणात होते. आम्ही ‘मल्लाप्पा’ आणि ‘श्रीकिसन’ घेतलं आणि पुस्तकभर तेच ठेवलं.

पत्रकाची एक मर्यादा मला शेवटच्या आठवड्यात कळली. ते ज्याच्या हातात नाही, त्याच्यासाठी ते नाहीच. आतली पानं लावणाऱ्याला मी फाइल दिली होती. मुखपृष्ठ करणारा वेगळा होता, मलपृष्ठावरचा मजकूर त्याला एका लेखकानं परस्पर व्हॉट्सॲपवर पाठवला होता. प्लेट निघायच्या आदल्या संध्याकाळी छपाईवाल्याकडे प्रिंट पाहिली तर आत १४ ठिकाणी ‘मल्लाप्पा’ आणि मागे मोठ्या अक्षरात ‘मल्लप्पा’. तिथेच उभ्यानं दुरुस्त करून घेतलं. १८७वी ओळ मी घरी येऊन लिहिली : मुखपृष्ठ, मलपृष्ठ, कणा आणि जाहिरातीचा मजकूर यांनाही हेच पत्रक, फाइल कोणाकोणाला दिली त्याची तारीख पुढे.